आयटीपी की जन्मजात रक्तस्रावाचा आजार? स्टिरॉइड सुरू ठेवण्याआधी काय तपासावं

सीबीसीच्या रिपोर्टवर प्लेटलेट 35,000 दिसल्या, डेंग्यू निगेटिव्ह आला, बाकी पेशी ठीक आहेत, की फाईलवर ‘आयटीपी’ लिहिलं जातं. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण आयटीपी ठरवणारी एकही खात्रीची चाचणी नाही. बाकीची कारणं बाद करत करतच तिथे पोचायचं असतं, आणि जन्मजात आजार बाद करायचे राहून गेले तर रुग्ण वर्षानुवर्षं नको ती औषधं घेत राहतो.

आयटीपीत शरीर स्वतःच्याच प्लेटलेटविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं आणि त्या मुख्यतः प्लीहेत नष्ट होतात. प्लेटलेट चांगल्या असतात, फक्त कमी असतात. उरलेल्या बऱ्याचशा ताज्या, जोमदार असतात, म्हणून 20,000 वर असूनही पायावरच्या लाल ठिपक्यांपलीकडे काहीच त्रास नाही, असे रुग्ण नेहमी दिसतात. जन्मजात प्लेटलेट-दोषात उलट असतं. संख्या 60,000 असो की अगदी अडीच लाख, प्लेटलेट काम करत नाहीत, त्यामुळे आकड्याच्या मानाने रक्त फार जातं. आकडा आणि रक्तस्राव यांचा असा मेळ बसत नसेल तर तिथेच थांबून विचार करावा.

रक्त कुठून आणि कधी जातं

प्लेटलेटचा दोष असेल, मग तो आयटीपी असो वा जन्मजात, तर रक्त त्वचेतून आणि आतल्या नाजूक अस्तरांतून जातं: लाल ठिपके, घोळणा फुटणं, हिरड्यांतून रक्त, पाळीत अतिरक्तस्राव. जखम झाली की लगेच वाहायला लागतं. फॅक्टर आठ किंवा नऊच्या कमतरतेत, म्हणजे हिमोफिलियात, लाल ठिपके नसतात. रक्त सांध्यांत आणि स्नायूंत साठतं आणि बरेचदा उशिरा: दात काढल्यावर आधी थांबतं, रात्री पुन्हा सुरू होतं. रांगणाऱ्या मुलाचा गुडघा वारंवार सुजत असेल तर प्लेटलेट मोजून उत्तर मिळणार नाही. प्लेटलेट नॉर्मल, रक्त गोठायच्या वेळेच्या दोन चाचण्यांपैकी पीटी नॉर्मल, एपीटीटी लांबलेला, आणि निरोगी माणसाचं प्लाझ्मा मिसळल्यावर तो सुधारतो, असं चित्र असेल तर फॅक्टर आठ आणि नऊची पातळी मोजावी. घरात कुणालाच नाही म्हणून हिमोफिलिया बाद होत नाही. साधारण एकतृतीयांश रुग्णांत जनुकीय बदल नव्याने झालेला असतो.

फॉन विलब्रँड आजार या दोघांच्या मधला. लक्षणं प्लेटलेटदोषासारखी, एपीटीटी कित्येकदा नॉर्मल. ताप, ताण, गरोदरपण यांत फॉन विलब्रँड फॅक्टर वाढतो, म्हणून अशा वेळी नॉर्मल आलेली चाचणी नंतर पुन्हा करावी. त्याच्या 2बी प्रकारात प्लेटलेटही कमी होतात, विशेषतः गरोदरपणात, आणि आयटीपीचा शिक्का बसतो.

एक उदाहरण

समजा, 22 वर्षांची तरुणी, वजन 50 किलो, प्लेटलेट 35,000. प्रेडनिसोलोन रोज 50 मिलिग्रॅम सुरू झालं. तीन आठवड्यांनी तोंड सुजलं, साखर वाढली, आकडा मात्र 38,000. आयटीपीत स्टिरॉइडला प्रतिसाद बहुधा एक-दोन आठवड्यांत दिसतो, शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे आयव्हीआयजी दिलं तर एक ते तीन दिवसांत. दोन्हींनी आकडा हलला नाही तर तिसरं औषध शोधण्याआधी निदान तपासावं.

पहिली चाचणी फुकटची: जुने रिपोर्ट. पूर्वी कधी सीबीसीत प्लेटलेट 2,40,000 आल्या असतील, तर जन्मापासून संख्या कमी असणारे आजार जवळजवळ बाद होतात (2बी हा त्याला अपवाद). या मुलीचा सातवीतला टायफॉइडच्या वेळचा रिपोर्ट सापडला: 48,000. लहानपणापासून घोळणा फुटतो, पहिल्या पाळीतच रक्त चढवावं लागलं होतं. आईवडील मामे-आतेभावंडं. आपल्याकडे मामाची मुलगी करायची रीत बऱ्याच घरांत आहे, म्हणून हा प्रश्न न लाजता विचारावा. दोन्हीकडून सदोष जनुक लागणारे आजार अशा घरांत जास्त दिसतात.

दुसरी चाचणी काचपट्टीवरची. ‘स्मिअर पाहा’ असं चिठ्ठीवर स्पष्ट लिहून द्यावं, कारण यंत्र आकार पाहून मोजतं. लाल पेशीएवढ्या मोठ्या प्लेटलेट ते मोजतच नाही आणि आकडा खोटा कमी येतो. ईडीटीएच्या नळीत प्लेटलेटचे गठ्ठे झाले तरी तेच होतं. मग सायट्रेटच्या नळीत पुन्हा मोजून आकडा 1.1 ने गुणावा. इथे गठ्ठे नव्हते, राक्षसी प्लेटलेट होत्या. पांढऱ्या पेशींत निळसर ठिपके असते तर एमवायएच9 जनुकाचा आजार मनात धरून लघवीतली प्रथिनं आणि ऐकू येणं तपासावं लागलं असतं. ते नव्हते. फ्लो सायटोमेट्रीत प्लेटलेटवरचं सीडी42बी हे प्रथिन जवळजवळ नाही: म्हणजे बर्नार्ड-सूलिए हा जन्मजात प्लेटलेट-दोष.

मग बेत पूर्ण बदलतो. प्रेडनिसोलोन हळूहळू कमी करत बंद, प्लीहा काढायचा विचार रद्द. पाळीसाठी ट्रानेक्झामिक ॲसिड आणि स्त्रीरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने हार्मोनच्या गोळ्या, शिवाय लोह.

ग्लान्झमान हा बर्नार्ड-सूलिएचा जोडीदार, तसाच जन्मजात प्लेटलेट-दोष, पण त्यात आकडा आणि आकार दोन्ही नॉर्मल. म्हणून सीबीसी पाहून ‘काही नाही’ म्हणून घरी पाठवलं जातं. प्लेटलेट एकमेकींना चिकटतात का हे पाहणाऱ्या ॲग्रिगेशन चाचणीत तो सापडतो: रिस्टोसेटिनला प्रतिसाद असतो, एडीपी, कोलॅजन, ॲड्रेनॅलिन यांना नसतो. बर्नार्ड-सूलिएत नेमकं उलट. ही चाचणी कुरियरने होत नाही. सायट्रेटचं रक्त बर्फात न ठेवता चार तासांच्या आत तपासायचं असतं आणि आधी साधारण दहा दिवस ॲस्पिरिन घेतलेलं चालत नाही. म्हणजे रुग्णालाच प्रयोगशाळेत जावं लागतं. मुंबईत परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची एनआयआयएच ही संस्था याच विषयातली आहे.

उपचार कुठे वेगळे पडतात

आयटीपीच्या मुलांत मोठा रक्तस्राव नसेल तर बहुधा नुसतं लक्ष ठेवतात. बहुतेक मुलं काही महिन्यांत आपोआप बरी होतात. मोठ्यांत साधारण 30,000 च्या खाली औषधं सुरू करतात, आणि स्टिरॉइड कमी करण्याचा काळ धरून सहा आठवड्यांत आटोपतात. बाहेरून दिलेल्या प्लेटलेटही प्रतिपिंडं लवकर खाऊन टाकतात, म्हणून त्या जीवावर बेतलं तरच.

जन्मजात प्लेटलेट-दोषात मात्र शस्त्रक्रियेला किंवा मोठ्या रक्तस्रावाला प्लेटलेटच लागतात. अडचण अशी, की शरीराला अनोळखी असलेली प्रथिनं त्यांवर असतात. वारंवार दिल्या की त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात आणि खऱ्या गरजेला त्या निकामी ठरतात. चुकून आयटीपी समजून ‘आकडा वाढवायला’ दिलेली प्रत्येक पिशवी इथे महागात पडते.

हिमोफिलियात हिशेब सरळ आहे. फॅक्टर आठचं एक युनिट दर किलोला सुमारे 2 टक्के पातळी वाढवतं, फॅक्टर नऊचं 1 टक्का. 20 किलोच्या मुलाच्या गुडघ्यासाठी 40 टक्के हवे असतील तर आठचे 400 युनिट, नऊचे 800. 250 च्या दोन बाटल्या फोडल्या तर 500 देऊन टाकावेत, उरलेले फेकू नयेत. लघवीतून रक्त जात असेल तर ट्रानेक्झामिक टाळावं, मूत्रमार्गात गुठळी अडकते. 2बी प्रकारात डेस्मोप्रेसिनने प्लेटलेट आणखी घसरू शकतात, म्हणून फॉन विलब्रँडचा प्रकार कळल्याशिवाय ते देऊ नये.

निदान लागेपर्यंत ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि कुल्ल्यातलं इंजेक्शन तिन्ही गटांना वर्ज्य. तापाला पॅरासिटामॉल चालतं.