नकाराचे दोन मसुदे

पणजीतल्या आमच्या हॉटेलात रिसेप्शनच्या एका जागेसाठी दोघी शेवटपर्यंत टिकल्या. म्हापशाच्या मुलीला नकार कळवायचा होता.

पहिला मसुदा: ‘आपली निवड होऊ शकली नाही. बायोडेटा जपून ठेवू.’ हा कुणालाही पाठवता येतो, म्हणूनच तो मनाला जास्त लागतो.

दुसरा: ‘तुमची निवड झालेली नाही. मुलाखतीत दिलेल्या ओव्हरबुकिंगच्या प्रसंगात तुम्ही पाहुण्याला आधी बसवून पाणी दिलंत, मग पर्यायी खोलीचं बोललात, ते फार आवडलं. या जागेला रात्रपाळीच्या हिशेबाचा अनुभव हवा होता. ऑक्टोबरमध्ये, हंगामाआधी, दिवसपाळीची एक जागा निघेल. चालत असेल तर कळवू का?’

मी दुसरा पाठवला. त्याआधी ऑक्टोबरची जागा मंजूर असल्याची खात्री केली. नसती, तर ती वाक्यं काढलीच असती.