सायकलच्या दिव्याला चार पेन्सिल सेल की एक लिथियम सेल?

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात शेतीची वीज रात्रीच्या पाळीत आली की पाणी भरायला सायकलवरच निघावं लागतं. अशा सायकलला दिवा बसवताना एलईडीवर फार खल करायची गरज नसते, कारण पट्टीवर चिकटवलेला एक वॉटचा पांढरा एलईडी बहुतेकांना पुरतो. अडतं ते सेलपाशी. भिंतीवरच्या घड्याळाचे स्वस्त सेल सुरुवातीलाच बाद करा. एवढा करंट ते फार वेळ देऊ शकत नाहीत, आणि डब्यात विसरले तर पाझरून पत्र्या खातात. उरतात दोन पर्याय: चार्ज होणारे चार निकेल पेन्सिल सेल, किंवा १८६५० आकाराचा एक लिथियम सेल.

लिथियमचं आकर्षण खरं आहे. एकाच सेलमध्ये ३.७ व्होल्ट मिळतात, डबी लहान होते आणि टीपी४०५६ची छोटी पट्टी जोडली की मोबाइलच्या चार्जरवर काम भागतं. पट्टी घेताना सेलला संरक्षण देणारीच घ्या, नुसती चार्जिंगची नको. एलईडीला साधारण ३.१ व्होल्ट लागतात, त्यामुळे मध्ये ३.३ ओहमचा रेझिस्टर पुरतो. सेल ४.२ व्होल्टवर भरलेला असताना करंट ०.३३ अँपिअरच्या आसपास राहतो.

पण आपल्याकडे खरी अडचण उन्हाची आहे. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळला सावलीतलाच पारा तिथवर जातो. बांधावर उन्हात उभ्या सायकलची काळी डबी त्याहून कितीतरी जास्त तापते. शिवाय जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतला सेल काढून त्यावर थेट कावीया लावणारे बरेच आहेत. त्या उष्णतेनं सेल आतून खराब होतो, आणि बिघडलेला लिथियम सेल पेटू शकतो.

निकेल सेल उन्हात लवकर उतरतात, पण इतके धोकादायक नसतात. एकाचे १.२ प्रमाणे चारांचे ४.८ व्होल्ट. त्यातून एलईडीचे ३.१ वजा केले की १.७ उरतात. रेझिस्टर ६.८ ओहमचा घेतला तर ०.२५ अँपिअर करंट जातो, म्हणजे २००० एमएएचचे सेल सुमारे आठ तास चालतात. नुकतेच चार्ज केलेले सेल ५.४ व्होल्टपर्यंत दाखवतात, तेव्हाही करंट ०.३४ अँपिअरवर थांबतो. एक वॉटच्या एलईडीची मर्यादा ०.३५ असते. रेझिस्टर मात्र दोन वॉटचा घ्या, अर्धा वॉटचा भाजेल. मागच्या लाल एलईडीला याच डब्यातून १५० ओहमचा वेगळा रेझिस्टर द्या.

अडीअडचणीला दुकानातून अल्कलाइन सेल आणले तर चार टाकू नका. सहा व्होल्टच्या वर गेल्यावर एलईडीला झेपत नाही. तीनच टाका आणि चौथ्या घरात पत्र्या जोडणारा डमी सेल बसवा.

माझं मत असं: सायकल दिवसभर उन्हात उभी राहत असेल तर निकेल. एमआयडीसीत पाळीला जाता आणि दिवा हँडलवरून काढून आत नेता येत असेल, तर लिथियम खुशाल घ्या. मात्र चार्जिंग रात्री गारव्यात करा.

पुढचं काम दोन्हींत सारखंच. स्विच सरकवायचा नको, त्यात काळ्या मातीची धूळ बसून तो अडतो. रबरी टोपीचा टॉगल स्विच घ्या. सेलच्या प्लसपाशी आधी एक अँपिअरचा फ्यूज, मग स्विच. निकेल सेलही शॉर्ट झाल्यावर वायर वितळवण्याइतका करंट देतात. डायनामोसारखी फ्रेम मायनस म्हणून वापरू नका. रंग, गंज आणि हँडलच्या छर्‍यांतून जोड टिकत नाही. दोन पदरी लवचिक वायर घ्या आणि हँडलच्या मुळाशी तिला एक सैल वळसा ठेवा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा, वायर कुठेही ताणली जायला नको. तिथेच ती आतून तुटते, वरून मात्र धड दिसते. डब्याखाली जुन्या ट्यूबची पट्टी ठेवून क्लँप आवळा, आणि वायर डब्यात खालून शिरू द्या, म्हणजे पावसाचं पाणी तिच्यावरून आत उतरत नाही.

खड्ड्यात दिवा मिणमिणला तर आधी डब्याच्या स्प्रिंगा पॉलिश पेपरनं घासा. दिवा तासाभरातच मंद होत असेल, तर तो चालू ठेवूनच मल्टिमीटरनं एकेक सेल मोजा. तीन सेल १.२ दाखवत असतील आणि एक ०.९ वर असेल, तर दोषी तोच. नवा सेल एकटा घालू नका, चारही एकाच जातीचे आणि एकाच वयाचे असू द्या, नाहीतर कमजोर सेल आधी रिकामा होऊन उलटा चार्ज होतो.