समासात खुणा की रेघ ओढून? प्रुफावर दुरुस्ती दाखवण्याच्या दोन पद्धती

मराठी पुस्तकाचं छापील प्रूफ हातात आलं की चूक सापडणं हे अर्धंच काम असतं. ती दुरुस्ती डीटीपी ऑपरेटरला काहीही न विचारता कळली पाहिजे. त्यासाठी दोन पद्धती चालतात. एकीत मजकुरात फक्त चुकीची जागा दाखवतात आणि दुरुस्ती त्याच ओळीच्या समोर समासात तिरक्या रेघेने तोडून लिहितात. दुसरीत चुकीपासून समासापर्यंत रेघ ओढून तिच्या टोकाशी दुरुस्ती लिहितात. दोन ओळींच्या मध्येच बरोबर शब्द लिहिणारेही असतात, पण मराठीत ते टाळाच. तिथली जागा वरच्या ओळीच्या उकारांनी आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या-मात्रांनी आधीच भरलेली असते.

एक ओळ घेऊ: ‘पावसाळ्यात कोकणातल्या नदयांना पुर येतो आणि आणि गावांचा संपर्कतुटतो’. हिच्यात पाच दुरुस्त्या आहेत.

समासाच्या पद्धतीत ‘दया’वर आणि ‘पु’वर तिरका छेद द्यायचा. या दोन्ही चुका ओळीच्या डाव्या अर्ध्यात आहेत, म्हणून डाव्या समासात त्याच क्रमाने ‘द्या /’, ‘पू /’ असं लिहायचं. उरलेल्या तीन उजव्या समासात जातात. दुसऱ्या ‘आणि’वर आडवी रेघ मारून समासात वगळण्याची वळणदार खूण करायची. ‘संपर्क’ आणि ‘तुटतो’ यांच्यामध्ये उभी रेघ देऊन समासात जागा सोडण्याची # ही खूण करायची. शेवटी काकपद म्हणजे ^ ही खूण देऊन समासात पूर्णविराम लिहायचा, पण वर्तुळात. नुसता ठिपका शाईचा डाग किंवा अनुस्वार वाटतो. या प्रत्येक खुणेनंतरही तिरकी रेघ हवीच.

हीच ओळ रेघा ओढून दुरुस्त केली तर पाच रेघा दोन बाजूंना धावतात. वरच्या-खालच्या ओळीतही दोन-तीन चुका असतील तर त्या एकमेकींना छेदतात आणि कोणती दुरुस्ती कुठली हे शोधत बसावं लागतं. समासात मात्र ओळीसमोरच्या तिरक्या रेघा मोजल्या की दुरुस्त्यांची संख्या कळते. ऑपरेटर एकेक करून टिक करत जातो आणि एखादी राहून गेली तर लगेच दिसते. म्हणून कथा, लेख, प्रबंध अशा सलग मजकुराला मी समासाचीच पद्धत सुचवेन. लग्नपत्रिका, तक्ते, जाहिरात अशा विखुरलेल्या मजकुरात ‘समोरची ओळ’ कोणती हेच ठरत नाही, तिथे रेघ सरस ठरते.

समासाच्या पद्धतीला देवनागरीत एक खास धोका आहे. तोडणारी रेघ उभी पडली आणि अक्षराला चिकटली तर ती काना वाटते. ती स्पष्ट तिरकी आणि अंतर सोडूनच काढा. तसंच नुसता ऊकार किंवा रफार समासात लिहू नका, तो कोणत्या अक्षराचा हे ऑपरेटरला ओळीत शोधावं लागतं. पूर्ण अक्षर लिहा, जोडाक्षर असेल तर पूर्ण जोडाक्षर. घाईच्या हस्ताक्षरात ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ सारखेच दिसतात, अशा वेळी अख्खा शब्द लिहिणं बरं.

काही गोष्टी दोन्ही पद्धतींत सारख्याच. छापायच्या नसलेल्या सूचना, म्हणजे ‘बोल्ड’, ‘नवा परिच्छेद’, वर्तुळात लिहायच्या. वर्तुळ नसेल तर ‘बोल्ड’ हा शब्दच मजकुरात टाइप होऊन येतो. वगळायचा शब्द गिरवून काळा करू नये, कारण पडद्यावर तो शोधण्यासाठी ऑपरेटरला वाचता यावा लागतो. चुकून खोडलेलं परत हवं असेल तर त्याखाली ठिपके द्यायचे आणि समासात ‘राहू द्या’ असं वर्तुळात लिहायचं.

चिन्हं कोणती वापरायची हाही प्रश्न येतो. ब्रिटिश बीएस ५२६१ या मानकाने १९७६ साली शब्दांऐवजी शक्य तितकी चिन्हंच ठेवली. अमेरिकी पद्धतीत इंग्रजी संक्षेप अधिक आहेत. वरची # ही खूण अमेरिकी वळणाची आहे. ऑपरेटर कोणत्या खुणा ओळखतो ते पहिलं पान देतानाच विचारा, आणि शंका असलेल्या खुणेशेजारी वर्तुळात मराठी शब्द लिहा.

दुसरं प्रूफ आलं की फक्त दुरुस्त केलेली जागा पाहून पुढे जाऊ नका. वरच्या ओळीतून एक ‘आणि’ गेला की परिच्छेदाच्या शेवटापर्यंत ओळी सरकू शकतात. पहिल्या प्रुफाशी ओळींची टोकं ताडत परिच्छेद संपेपर्यंत वाचा.