स्प्रिंगची घेऊ की पीसीपी? विश्रामबागच्या गच्चीवरची एक तुलना

गेल्या महिन्यात तासगावहून भाचा आला तो एअर रायफलीबद्दलचा एकच प्रश्न घेऊन. "मामा, स्प्रिंगवाली घेऊ का पीसीपी?" त्याला घरामागच्या मोकळ्या जागेत दहा मीटरवर कागदी टार्गेट मारायचं आहे, आठवड्यातून दोन संध्याकाळी. साठवलेले वीस हजार, फार ताणलं तर पंचवीस. माझ्याकडे दोन्ही प्रकारच्या रायफली आहेत, म्हणून तोंडी सांगण्यापेक्षा त्याला गच्चीवर नेलं. टाकीच्या खोलीची आंधळी भिंत मागे, समोर छर्रे अडवणारी पेटी आणि दोघांच्या डोळ्यांवर चष्मे.

दोन्ही बंदुकांत छर्रा हवाच ढकलते. ती हवा दाबली केव्हा जाते, यावर पुढचं सगळं ठरतं. स्प्रिंगवालीत नळी मोडून आपण स्प्रिंग मागे दाबतो. ट्रिगर ओढला की पिस्टन पुढे सुटतो आणि त्या क्षणी हवा दाबली जाते. पीसीपी म्हणजे प्री-चार्ज्ड न्यूमॅटिक. तिच्यात हवा आधीच टाकीत भरलेली असते, साधारण 200 बार दाबापर्यंत. ट्रिगर ओढल्यावर एक छोटा हातोडा झडप क्षणभर उघडतो आणि मोजकी हवा छर्ऱ्यामागे जाते.

धक्क्याचं मूळ इथेच आहे. छर्रा जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा, पण स्प्रिंगवालीतला पिस्टन पाव किलोच्या आसपास. तो पुढे धावला की बंदूक मागे येते. टोकाला दाबलेल्या हवेच्या गादीवर तो आपटून थबकला की बंदूक पुढे जाते. ही मागेपुढे हालचाल सुरू असताना छर्रा अजून नळीतच असतो. म्हणजे नेम धरलेली बंदूक छर्रा बाहेर पडायच्या आधी जागची हललेली असते. ती दर वेळी सारखीच हलली, तर छर्रे एका जागी पडतात. मात्र तुम्ही तिला कधी घट्ट आवळलं, कधी सैल धरलं, तर ती दर वेळी वेगळी हलते.

भाच्याने आधी वाळूची पिशवी ठेवली, तिच्यावर स्प्रिंगवाली दाबून धरली आणि पाच छर्रे मारले. दहा मीटरवर दहा रुपयांच्या नाण्याएवढा पसारा झाला. चेहरा पडला त्याचा. मग मी त्याला डावा तळहात उघडा ठेवायला सांगितलं. बोटं न मिटता बंदूक तळहातावर नुसती टेकवायची, उजव्या हाताने दस्ता हलका धरायचा, खांद्यावर जोर द्यायचा नाही, ती हलेल तशी हलू द्यायची. तळहाताची जागाही दर वेळी तीच. पुढचे पाच छर्रे शर्टाच्या बटणाएवढ्या जागेत आले. बंदूक तीच, छर्रे त्याच डबीतले. पीसीपी त्याने पिशवीवर दाबून मारली, मग हातात धरून मारली. दोन्ही वेळा एकच भोक थोडं फाटत गेलं. तिला धक्का जवळजवळ नाहीच, कारण आत हलणारा हातोडा हलका आणि छर्रा झटकन बाहेर पडतो.

म्हणून मी म्हणतो, स्प्रिंगवाली शिकवते आणि पीसीपी दाखवते. पीसीपीवर चूक झाली तर ती बहुतेक तुमच्या नेमाची किंवा ट्रिगरची असते, शोधायला सोपी. स्प्रिंगवालीवर तीच चूक पकडीच्या चुकीत मिसळते आणि नवखा माणूस दुर्बिणीचे स्क्रू फिरवत बसतो. दुर्बिणीबद्दल एक सांगायलाच हवं. स्प्रिंगवालीचा दुहेरी धक्का साध्या दुर्बिणीच्या आतल्या काचा सैल करतो. एअर रायफलसाठीच बनवलेली दुर्बीण घ्या, नाहीतर नळीवरच्या लोखंडी माशीने नेम धरूनच मारा. दहा मीटरला माशी पुरते.

पूर्वी स्पर्धेतल्या रायफलीही स्प्रिंगच्याच होत्या. त्यांचा धक्का संपवायला जर्मन कारागिरांनी मोठी बुद्धी लावली. डायाना कंपनीच्या काही मॉडेलांत दोन पिस्टन एकमेकांच्या उलट दिशेने सुटत. फाइनवर्कबाउच्या 300 मध्ये सगळी यंत्रणा दस्त्यात बसवलेल्या रुळांवर मागे सरके, म्हणून धक्का गालापर्यंत पोचत नसे. आज दहा मीटरच्या स्पर्धेत जवळपास सगळे पीसीपीच वापरतात. तिथे दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो.

सातत्याचा प्रश्न मात्र लोक समजतात तितका एकतर्फी नाही. चांगल्या अवस्थेतली स्प्रिंगवाली छर्ऱ्याला बऱ्यापैकी सारखा वेग देते, कारण दर वेळी तीच स्प्रिंग तेवढीच दाबली जाते. तिचं सातत्य बिघडवणारी मोठी गोष्ट म्हणजे तेल. आपल्याकडे सवय आहे, बंदूक जरा करकरली की हवेच्या भोकात शिलाई मशीनच्या तेलाचे चार थेंब सोडायचे. पिस्टन हवा इतकी जोरात दाबतो की ती तापते आणि ते तेल डिझेल इंजिनासारखं पेटतं. ओळखायला सोपं आहे. एरवी दबका ठप आवाज येतो, तिथे कडक फटाक्यासारखा आवाज येतो, नळीतून धूर निघतो, जळक्या तेलाचा वास येतो आणि छर्रे वरखाली पडू लागतात. नव्या बंदुकीत कारखान्याचं वंगण जळेपर्यंत हे थोडं होतंच, पन्नासेक छर्ऱ्यांनंतर थांबतं. त्यानंतरही चालू राहिलं तर पिस्टनचं सील करपतं. उलटी खूणही लक्षात ठेवा: वेग कमी वाटतोय, छर्रे खाली पडताहेत. अशा वेळी नळी जिथे मोडते त्या सांध्यावर पातळ कागदाची पट्टी धरून सुरक्षित दिशेला छर्रा मारायचा. पट्टी फडफडली तर सांध्याचं सील गेलं आहे. ते काही रुपयांचं काम असतं. छर्रा न घालता ट्रिगर मात्र कधीही ओढू नका. पुढे हवेची गादी तयार होत नाही आणि पिस्टन थेट धातूवर आदळतो.

पीसीपीचं सातत्य टाकीतल्या दाबावर अवलंबून आहे. झडपेकडे जाणारा दाब एकसारखा ठेवणारा रेग्युलेटर नसलेल्या रायफलीत टाकी तुडुंब असताना दाबच झडपेला घट्ट धरून ठेवतो, म्हणून पहिले छर्रे हळू जातात. दाब उतरला की वेग वाढतो, पुढे पुन्हा घसरतो. मधला टप्पा उत्तम, आणि तो आपल्या बंदुकीसाठी स्वतः शोधायचा: वीस-वीस छर्ऱ्यांची टार्गेटं मारून प्रत्येकावर दाब लिहून ठेवायचा. रेग्युलेटर असेल तर हा त्रास नाही. पण बंदूक रात्रभर पडून सकाळचा पहिला छर्रा नेहमी वर जात असेल, तर रेग्युलेटरमधून दाब हळूहळू पुढे झिरपतो आहे.

आपल्या उन्हाळ्याचा एक खास घोटाळा आहे. एप्रिलमध्ये दुपारी 38 अंशांत मी टाकी 200 बारला भरली आणि पहाटे 20-22 अंशांत काटा 190च्या आत दिसला. गळती समजून सील बदलायला निघालो होतो. गळती नव्हतीच, हवा थंड झाली की दाब उतरतो. 38 वरून 20 अंशांवर आलं तर 200चे सुमारे 188 होतात. दुपारी काटा पुन्हा वर आला तर बंदूक ठणठणीत आहे. म्हणून दाब रोज एकाच वेळी बघावा.

आवाजाचं थोडक्यात. स्प्रिंगवालीचा आवाज मारणाऱ्याला जास्त येतो, कारण यंत्रणा गालाखालीच आदळते. शेजाऱ्याला तो फारसा जात नाही. पूर्ण ताकदीच्या उघड्या नळीच्या पीसीपीचा आवाज नळीच्या तोंडाशी फुटतो आणि गल्लीत टाळी वाजवल्यासारखा कडक जातो. नळीवर कारखान्याचंच आवरण असलेली किंवा कमी ताकदीची, स्पर्धेची मॅच रायफल खूप शांत असते. पण माझ्या शेजारच्या काकूंनी तक्रार केली ती या दोन्हींची नव्हती. छर्रा पत्र्याच्या पेटीवर आदळायचा, त्या आवाजाची होती. पेटीत जुन्या सतरंजीचे तुकडे ठासून भरले आणि तक्रार संपली.

आता खर्च. भारतीय बनावटीची बरी स्प्रिंगवाली साधारण दहा-पंधरा हजारांत येते. पीसीपी तीस-चाळीस हजारांपासून सुरू होते आणि परदेशी मॅच रायफल दोन लाखांच्या पुढे जाते. छर्ऱ्यांचा खर्च दोन्हींना सारखाच. पण पीसीपीच्या किमतीत हवा धरलेली नसते, आणि भाच्याने नेमकं तेच धरलं नव्हतं. "टायरवाल्याकडे भरून घेईन की," म्हणाला. टायरच्या दुकानातला कॉम्प्रेसर आठ-दहा बार देतो, आपल्याला 200 लागतात. मग उरतो हातपंप, दहा हजारांच्या आसपास. 200 घनसेंटिमीटरची टाकी 120 वरून 200 बारला न्यायला शंभरेक दांडे मारावे लागतात आणि शेवटचे वीस अंगाच्या वजनानेच उतरतात. पूर्ण ताकदीच्या रायफलीतून तेवढ्या हवेत पन्नास-साठ छर्रे जातात, म्हणजे छर्ऱ्यामागे दोन दांडे. स्प्रिंगवालीत छर्ऱ्यामागे नळी एकदा मोडायची. पावसाळ्यात पंप हवेबरोबर ओलही आत ढकलतो, म्हणून पन्नास दांड्यांनंतर थांबून पंप गार होऊ द्यायचा आणि बूड उघडून पाणी काढायचं.

कुपवाड एमआयडीसीत वेल्डिंगचे सिलिंडर सहज मिळतात, त्यावरून कुणी ऑक्सिजन भरायचं सुचवेल. अजिबात भरू नका. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ग्रीसचा अंश पेटतो आणि टाकी हातात फुटू शकते. टाकीत फक्त स्वच्छ कोरडी हवा, आणि सीलला फक्त सिलिकॉन ग्रीस.

कायद्याच्या दृष्टीने दोन्ही सारख्याच. 2016च्या शस्त्र नियमांप्रमाणे 4.5 मिलिमीटर व्यासाच्या आणि 20 जूलपर्यंतच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. त्याहून मोठी कुणी गुपचूप देऊ केली तर घ्यायची नाही.

भाच्याला मी स्प्रिंगवालीच सांगितली, वीस जूलवाली नव्हे, मऊ स्प्रिंगची. दहा मीटरच्या कागदाला सात-आठ जूल पुरतात. स्पर्धेची रायफलही तेवढ्याच ताकदीची असते. मऊ स्प्रिंगचा धक्का अर्ध्यावर येतो आणि संध्याकाळी साठ वेळा नळी मोडली तरी खांदा दुखत नाही. उरलेल्या पैशांत तीन वेगवेगळ्या चपट्या तोंडाच्या छर्ऱ्यांच्या डब्या घ्यायच्या. कुठली नळीला मानवते ते मारूनच कळतं. त्याला स्पर्धेत उतरायचं असतं, तर मी काहीच विकत घेऊ दिलं नसतं. आधी क्लबात जाऊन त्यांच्या पीसीपीवर सहा महिने, कारण हवा भरायची सोय तिथेच असते. आणि कुणी जुनी पीसीपी स्वस्तात देत असेल तर आधी टाकीवरची तारीख वाचायची. मॅच रायफलीच्या टाकीला साधारण दहा वर्षांची मुदत असते, आणि नवी टाकी घेतली की स्वस्तातला सौदा स्वस्त राहत नाही.

जाताना तो उघड्या तळहातावर हवेतच बंदूक तोलत जिना उतरला. पुढच्या रविवारी तिन्ही डब्यांची टार्गेटं घेऊन येणार आहे.