राम रामला काय उत्तर द्यायचं? ऑटो-रिप्लायचे आठ महिने

जालना जिल्ह्यात आमचं शेती अवजारं भाड्याने द्यायचं दुकान आहे. निम्म्या गिऱ्हाईकांकडे बटणाचा फोन. ते पूर्ण चौकशी लिहीत नाहीत. "rr" एवढंच पाठवतात अन् थांबतात. राम राम घातला, आता तुम्ही बोला. म्हणून दुकानातल्या जुन्या अँड्रॉइडवर ऑटो-रिप्लायचं ॲप टाकलं.

सुरुवातीला ठेवलेलं उत्तर असं होतं:

```
नमस्कार, आमच्या दुकानात आपले सहर्ष स्वागत आहे. आपल्याला कोणती माहिती हवी आहे ते कृपया कळवा.
```

दिसायला लहान, पण एसएमएसच्या मापात हे 91 होतं. देवनागरीत एका मेसेजला 70 ची हद्द असते, आणि काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त यांचीही वेगळी मोजणी होते. नुसतं "नमस्कार" सात खातं. 70 ओलांडले की मेसेजचे तुकडे पडतात अन् प्रत्येक तुकडा 67 चाच होतो. बहुतेक फोन ते जोडून दाखवतात. एका काकांचा जुना फोन मात्र जोडत नव्हता. त्यांना पहिला मेसेज "कोणती माहित" इथे तुटलेला आला, दुसरा नुसत्या वेलांटीने सुरू झालेला. ते थेट दुकानात आले, "काय पाठवलं रे हे?" वर आमच्या प्लॅनमध्ये दिवसाला 100 एसएमएस, त्यात हे दोन धरले जायचे.

आता हे आहे:

```
राम राम. भाडे 1, नांगर 2, पंप 3. आकडा पाठवा.
```

पन्नासच्या आत बसतं. स्वागत गेलं, कुणी विचारलंही नाही. आकडे मुद्दाम इंग्रजी ठेवले, कारण बटणावर तेच छापलेले असतात.

"ram ram", "rr" असं रोमनमध्ये लिहिणाऱ्याला उत्तरही रोमनमध्येच जातं. त्यात 160 अक्षरं मावतात. फक्त ₹ घालू नका, Rs लिहा. त्या एका चिन्हाने अख्खा मेसेज 70 च्या हिशोबात जातो. पेरणीच्या तोंडावर भाड्याचा मेसेज त्यामुळे दुप्पट कापला जात होता, अन् कारण सापडायला मला आठवडा लागला.

खरी चूक वेगळीच होती. सगळ्यांना "राम राम" जायचं. "jay bhim" लिहिणाऱ्यालाही, "salam" लिहिणाऱ्यालाही. एका जुन्या गिऱ्हाईकाने फोनवर हसतच सुनावलं, "भाऊ, मी काय म्हणलो अन् तुम्ही काय म्हणता!" तेव्हापासून प्रत्येकाला वेगळा नियम केला: जो नमस्कार आला तोच परत, ओळखू आला नाही तर "नमस्कार". पुढचं सगळं तेच. स्पेलिंगं मात्र गोळा करावी लागतात. "jaybhim", "jai bhim", "jy bhim" हे ॲपला तीन वेगळे शब्द वाटतात. माझी यादी अजून वाढतेच आहे.

ॲपमध्ये अक्षरमोजणी नाही, हा मोठा तोटा. मी उत्तर आधी फोनच्या साध्या मेसेज पेटीत लिहून बघतो. हद्द जवळ आली की तिथे उरलेली अक्षरं दिसतात.