४० टक्के, पण कशावर? हातच्या साबणाच्या धंद्यातली एक फसवणूक

सांगलीत घरच्या घरी कोल्ड प्रोसेस साबण करून मी ऑनलाइन विकते. 'हँडमेड' वस्तूंचं पोर्टल चालवणाऱ्या एका कंपनीने मला ज्या पद्धतीने गुंडाळलं, तीच पद्धत आणखी दोघीतिघींवर वापरली गेल्याचं नंतर कळलं. म्हणून आकड्यांसकट लिहिते आहे.

त्यांचा प्रतिनिधी मोठा गोडबोल्या. "ताई, कॉस्टिंग आम्हीच करून देतो," म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी एक्सेल शीट पाठवली. एक किलो तेलाची बॅच, त्यात कॉस्टिक आणि पाणी धरून साच्यात पडतो सुमारे १,४४० ग्रॅम माल. त्याच्या शीटमध्ये याच्या १०० ग्रॅमच्या १४ वड्या. कच्चा माल ४५६ रुपयांचा, म्हणजे वडीला ३३ रुपये. बॉक्स आणि लेबलचे ९ धरून ४२. मजुरीचा रकानाच नाही, कारण "घरचंच काम आहे ना".

साबण करणाऱ्या कुणालाही यातली गोम दिसेल. ओली वडी चार-सहा आठवडे रॅकवर सुकते तेव्हा पाणी उडून तिचं वजन घटतं. माझ्या बॅचमध्ये ही घट १२ ते १५ टक्के असते. लेबलवर १०० ग्रॅम छापलं की ग्राहकाच्या हातात १०० ग्रॅमच पडायला हवेत, त्यामुळे वडी कापतानाच मोठी कापावी लागते. कडा तासून एका बॅचच्या १२ वड्या निघतात. म्हणजे माल ३८, बॉक्स-लेबल ९, आणि मदतीला येणाऱ्या बाईची व माझी मिळून मजुरी १५. एकूण ६२. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "शीट फक्त अंदाजाला आहे, आपला करार टक्क्यांवर."

खरा डाव त्या टक्क्यांत होता. व्हॉट्सॲपवर त्याने उदाहरण देऊन लिहिलं होतं: "तुमच्या ४२ वर आमचं ४० टक्के मार्जिन, म्हणजे १७ रुपये. वडी ५९ ला पडली, १८० ला विकली, बाकी तुमचं." १५ हजार नोंदणी फी भरून घेतल्यानंतर जो करार आला, त्यात मात्र 'रिटेल मार्जिन एमआरपीच्या ४० टक्के' होतं. १८० चे ४० टक्के म्हणजे ७२. विचारलं तर उत्तर आलं, "भाषा वकिलांची असते, हिशेब आपण ठरवला तसाच." आणि आठव्या पानावर एक ओळ: सवलतीचा भार विक्रेत्यावर, म्हणजे माझ्यावर.

सणाच्या सेलमध्ये त्यांनी २० टक्के सूट लावली. ग्राहकाने दिले १४४. साबणाच्या वडीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के आहे, तो वजा जाता उरले १३७. यातून त्यांचे ७२ गेले, कारण त्यांचं मार्जिन सूट दिलेल्या किमतीवर नाही, एमआरपीवरच. कुरिअर आणि हाताळणीचे २५. मला राहिले ४० आणि माझा खर्च ६२. वडीमागे २२ रुपयांचं नुकसान, आणि ऑर्डरी धो धो!

प्रत्यक्ष बँकेत तर ३४ रुपयेच आले. त्यांच्या मार्जिनवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे आणखी १३ रुपये कापले जातात. १४४ मधून ७२, १३ आणि २५ गेले की ३४. त्याचं क्रेडिट मिळतं खरं, म्हणजे ते १३ मला साबणावर भरायच्या करातून वळते करता येतात, पण माझ्या साबणावरचा कर जेमतेम ७ रुपये. उरलेलं क्रेडिट जीएसटीच्या पोर्टलवर साठत जातं. त्यातून तेलवाल्याचं बिल भागत नाही.

सूट नसती तर? १८० मधला जीएसटी वजा जाता उरतात १७१, त्यातून ७२, २५ आणि ६२ वजा करा, वडीला १२ रुपये उरतात. म्हणजे या करारात ७ टक्क्यांच्या वर कुठलीही सूट लागली की घरातले पैसे घालून साबण विकायचा. त्यांना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, कारण एमआरपीही त्यांनीच सुचवली होती.

असा प्रस्ताव आला तर तीन गोष्टी लेखी मागा. टक्के एमआरपीवर, प्रत्यक्ष विक्री किमतीवर की कर वजा किमतीवर? सूट लागल्यावर त्यांचं मार्जिनही त्याच प्रमाणात घटणार का? आणि एका वडीचं नमुना सेटलमेंट, २० टक्के सूट धरून, बँकेत येणाऱ्या शेवटच्या रुपयापर्यंत. तिसरी गोष्ट मागितल्यावर प्रतिनिधी फोन करतो, लिहून देत नाही. तिथेच ओळखावं.

मी माल परत मागवला, त्याचंही भाडं माझ्याकडूनच कापलं. १७ रुपयांचा तो मेसेज जोडून वकिलामार्फत नोटीस पाठवल्यावर निम्मी नोंदणी फी परत आली, बाकीची बुडीत धरली आहे.

लिप बाम आणि क्रीम विकणाऱ्यांनी हा हिशेब १८ टक्के जीएसटी धरून करावा. ५ टक्क्यांची सवलत वडीच्या साबणाला आहे, बाम-क्रीमला नाही, लिक्विड सोपलाही नाही. त्या प्रतिनिधीने मला पाठवलेल्या शीटमध्ये बामलाही ५ टक्केच लावले होते.