विचरण मोजायचंय: ड्यूमाचा चंबू की व्हिक्टर मायरची नळी?

आमच्या जळगावच्या प्रयोगशाळेत दोन्ही उपकरणं कपाटात आहेत. प्रोजेक्ट निवडताना मुलं हटकून मायरच्या नळीकडे वळतात. साहजिकच आहे. वजन केलेली कुपी तापलेल्या नळीत टाकायची, बाहेर ढकलली गेलेली हवा मोजायची, की झालं. क्लोरोफॉर्मसाठी ती नळी झकास. पण N2O4 चं किती टक्के विचरण होतं हे काढायचं असेल, तर मी चंबूच घ्या म्हणेन.

कारण दाबाचं आहे. N2O4 फुटून दोन NO2 होतात, त्यामुळे दाब कमी झाला की विचरण वाढतं. मायरच्या नळीत बाष्प हवेत मिसळतं आणि त्याचा स्वतःचा दाब किती उरला, हे कुणालाच सांगता येत नाही.

आकड्यांत पाहा. विचरण न झालेल्या N2O4 ची बाष्पघनता D = ४६. एक वातावरण दाबाला ६०.२ अंश सेल्सिअसवर ती d = ३०.१ भरते.

α = (D − d)/d = १५.९/३०.१ = ०.५३

म्हणजे ५३ टक्के. याच तापमानाला हवेत मिसळून बाष्पाचा दाब निम्म्यावर आला, तर Kp = 4α²P/(1 − α²) वरून α जवळजवळ ०.६६ येतो. वाचन बिनचूक घेतलं तरी उत्तर कोणत्या दाबाचं, हे अधांतरीच.

चंबूत ही भानगड नाही. २५० मिलीच्या चंबूत थोडा द्रव घालून तो ६० अंशांच्या पाण्यात बुडवायचा. उकळणारं बाष्प हवेला हाकलतं. तोंडातून तपकिरी वाफ येणं थांबलं की टोक वितळवून बंद करायचं, त्याच क्षणी बॅरोमीटर वाचायचा. पुढे चंबू गार होऊन रंग फिका पडला तरी घाबरू नका. रेणू पुन्हा जुळतात, वस्तुमान तेवढंच राहतं. (NO2 विषारी आहे, सगळं धूर-कपाटातच.)

चूक होते ती वजनात. आत बाष्प फक्त ०.५५ ग्रॅम असतं, आणि आधीच्या वजनात धरलेली चंबूतली हवाच ०.२९ ग्रॅमच्या आसपास. ती हिशेबात घ्यायची राहिली, तर α चक्क एकाच्या वर जातो. तेव्हाच चूक ओळखा. दहा मिलिग्रॅमच्या फरकानेही उत्तर जवळपास तीन टक्क्यांनी हलतं. शिवाय द्रव २१ अंशांनाच उकळतो. आपल्याकडच्या मे महिन्यात कुपी बर्फातून काढली की संपलंच, म्हणून प्रयोग डिसेंबर-जानेवारीत ठेवा.

नळीच वापरायची असेल, तर ती १३५ अंशांवर चालवा. तिथे विचरण ९८.७ टक्के होऊन गेलेलं असतं. दाब निम्मा झाला तरी ते ९९.३ पर्यंतच जातं.